चौतीस किलो सोनं, चार दिवसांपूर्वीचा नियम आणि "मला माहीतच नव्हतं"

इंद्रायणीकाठ
मुलगी कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा जेवताना तिने एक खटला सांगितला आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून तो जात नाहीये.

1962 साल. मेयर हान्स जॉर्ज नावाचा एक जर्मन माणूस झुरिकहून मनिलाला विमानाने निघाला. अंगातल्या जाकिटात 34 किलो सोनं. विमान वाटेत मुंबईला, सांताक्रूझला थांबलं. त्याला मुंबईत उतरायचंही नव्हतं. कस्टमवाले विमानापाशी आले, त्याला खाली उतरवलं, झडती घेतली आणि अटक. भारतातून असं सोनं पुढे न्यायला पूर्वी मुभा होती. पण रिझर्व्ह बँकेने नियम बदलला होता आणि तो राजपत्रात छापून आला 24 नोव्हेंबरला. हा माणूस झुरिकहून निघाला 27 ला आणि मुंबईत पोचला 28 ला. म्हणजे चारच दिवस!

मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने दोषी धरलं. मुलगी म्हणते, गुन्ह्याला दोन गोष्टी लागतात, हातून घडलेली कृती आणि मनातला दोष. ॲक्टस रीयस आणि मेन्स रिया. मग इथे मनातला दोष कुठे आहे? माझं स्पष्ट मत आहे की हा अन्याय झाला. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक
यात चर्चा करण्यासारखं काय आहे? कायद्याचं अज्ञान ही सबब होऊ शकत नाही. शाळेत नागरिकशास्त्रात शिकलोय. नियम छापला, विषय संपला.

गोदाकाठचा
34 किलो जाकिटात? अकरा वर्षांचं पोर पोटाला बांधून झुरिक ते मनिला बसायचं म्हणजे! हा माणूस साधा नव्हता एवढं मात्र नक्की. सरळ मार्गाने नेणारा सोनं पेटीत ठेवतो, अंगाला बांधत नाही.

आरती_दे
@गोदाकाठचा, हसले, पण मुद्दा बरोबर वाटतो. लपवलं होतं म्हणजे मनात काहीतरी होतंच ना? तोच मेन्स रिया.

जुनेवकील
मी मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांत बरीच वर्षं सरकारी बाजू मांडली आहे आणि हा निकाल किती वेळा पुढे केला याची मोजदाद नाही. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी आरतीताईंचं. मनात "काहीतरी" असणं पुरत नाही. दोष त्याच गुन्ह्याच्या संदर्भात असावा लागतो. समजा त्याला मनिलाच्या कस्टमला चुकवायचं होतं. तरी त्यावरून भारताचा परकीय चलन कायदा मोडायचं त्याच्या मनात होतं असं ठरत नाही. भारतातून जाताना सोनं जवळ असलेलं चालतं असं तो समजत असेल, तर त्या आठवड्यापर्यंत त्याची समजूत बरोबरच होती. 1948 च्या अधिसूचनेत तशी मुभा होती. नव्या अधिसूचनेवर तारीख आहे 8 नोव्हेंबर 1962, ती छापून आली 24 ला. तिच्यात अट अशी, की पुढच्या देशात जाणारं सोनं विमानाच्या मालाच्या यादीत नोंदलेलं हवं. याचं सोनं अंगावर होतं, यादीत नव्हतं. अडकला तो एवढ्यावरच.

आता रोखठोक यांचं. तुमचं वाक्य खरं आहे, पण ते अर्ध्या खटल्याला लागू पडतं. कोर्टापुढे प्रश्न दोन होते. पहिला, परकीय चलन कायद्याच्या कलम 8 खाली गुन्हा व्हायला मनातला दोष लागतो की नाही? दुसरा, अधिसूचना त्या माणसापर्यंत पोचलेली असणं गरजेचं आहे की राजपत्रात आली एवढं पुरे? तुमची सबबीची म्हण दुसऱ्या प्रश्नाला उपयोगी. पहिला प्रश्न तिने सुटत नाही, कारण साधारण नियम असा की कायद्यात मनाबद्दल एक शब्दही नसला तरी मनाचा दोष लागतोच असं कोर्ट धरून चालतं. तो लागत नाही असं म्हणायचं तर कारण दाखवावं लागतं.

शाल्मली_०७
आमच्या केमिकल कंपनीच्या प्रशिक्षणात हे शिकवलं होतं! दिल्लीतली ओलियम वायुगळती, एम. सी. मेहता खटला. धोक्याचा उद्योग करत असाल तर चूक कोणाचीही असो, जबाबदारी तुमची. जॉर्जला तेच तत्त्व लावलं असणार.

जुनेवकील
@शाल्मली, गोंधळ होणं साहजिक आहे, कारण नावं जवळजवळ तीच आहेत: तिथे "पूर्ण जबाबदारी" म्हणतात आणि ज्या गुन्ह्यांत मनाचा दोष बघत नाहीत ते "कडक जबाबदारी"चे गुन्हे. पण ते तत्त्व नुकसानभरपाईचं. तिथे प्रश्न असतो की झालेल्या नुकसानीचे पैसे कोणी भरायचे. शिवाय तो निकाल 1986 चा, जॉर्जच्या खटल्यानंतर वीसेक वर्षांनी आलेला. इथे प्रश्न माणसाला तुरुंगात टाकायचा की नाही हा आहे. पैसे भरायला लावताना मन न बघणं वेगळं आणि तुरुंगात घालताना न बघणं वेगळं. म्हणूनच गुन्ह्यांच्या बाबतीत ते अपवाद म्हणून येतं.

भुसारमाल
माझा स्वतःचा अनुभव लिहितो, कारण हे सगळं आमच्या घराने भोगलंय.

वडिलांचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान. जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या काळातली गोष्ट. अन्न निरीक्षक आले, पोत्यातली सुटी हळद नमुन्याला घेतली. तीन भाग केले, बरण्यांना सील लावलं, वडिलांची सही घेतली. महिन्याभराने अहवाल आला, हळदीत रंग सापडला. वडिलांनी आयुष्यात कधी तराजूला बोट लावलं नाही. हळद बाजारपेठेतल्या नेहमीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून आणलेली. कोर्टात ते एकच म्हणत राहिले, "साहेब, मला माहीत नव्हतं." आमच्या वकिलांनी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं, "काका, हे वाक्य इथे चालत नाही. बिल कुठाय ते सांगा." बिल नव्हतं. रोखीचा व्यवहार, वर्षानुवर्षांचा विश्वास.

पुढे सहा वर्षं तारखा. शेवटी नमुना घेण्याच्या पद्धतीतल्या त्रुटीवर सुटले, निर्दोष म्हणून नाही. ते त्यांना शेवटपर्यंत खुपत राहिलं. त्यामुळे इंद्रायणीताई, मी तुमच्या बाजूचा.

इंद्रायणीकाठ
@भुसारमाल, वाचून वाईट वाटलं. पण बिल असतं तर काय झालं असतं?

जुनेवकील
चांगला प्रश्न आहे. त्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की मालात काय आहे हे विक्रेत्याला माहीत नव्हतं, हा बचाव होणार नाही. म्हणजे संसदेने मनाचं दार बंद करून घेतलं. पण एक खिडकी ठेवली. माल लेखी हमीवर घेतलाय, नीट साठवलाय आणि जसा आला तसाच विकलाय, एवढं विक्रेत्याने दाखवलं तर तो सुटायचा. हमीसाठी वेगळा कागद नको, व्यापाऱ्याचं बिलच हमी धरलं जायचं. म्हणून वकील बिल मागत होते. वडिलांचा प्रामाणिकपणा कोर्टाला मोजता येत नव्हता, बिल मोजता येत होतं.

याच कायद्याखाली मुंबईचा एक खटला 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता, प्याराली तेजानी यांचा. सुगंधी सुपारीत सॅकरिन आणि सायक्लामेट ही कृत्रिम गोडी सापडली. सुपारी हे अन्नच नाही इथपासून वाद घातला गेला. कोर्ट म्हणालं, सुपारी अन्न आहे आणि या गुन्ह्याला मनातला दोष लागत नाही.

गोदाकाठचा
मी उलट बाजूने बोलतो. माझ्या बहिणीची मुलगी लहान असताना भेसळीच्या खव्याने आठ दिवस दवाखान्यात होती. दुकानदाराच्या मनात काय होतं हे सरकारने सिद्ध करायचं म्हटलं तर एकही खटला उभा राहणार नाही. कुठला भेसळवाला सांगेल की हो, मला माहीत होतं? भुसारमाल यांच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, बिल घ्यायची सवय लागावी म्हणूनच असा कायदा लागतो.

भुसारमाल
@गोदाकाठचा, मान्य. त्यानंतर आमच्याकडे एक किलो जिरंसुद्धा बिलाशिवाय आलं नाही. पण मग दंड करा, परवाना काढा. प्रामाणिक माणसाला तुरुंगाची भीती कशाला?

आरती_दे
+१. माझा भाचा सोळा वर्षांचा. परवा बहिणीची स्कूटर घेऊन गेला आणि पोलिसांनी पकडला. आता म्हणे बहिणीला तीन वर्षं! तिला माहीतही नव्हतं.

जुनेवकील
आरतीताई, घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात 2019 ला आलेलं कलम 199-अ आहे ते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, हे खरं. पण तिथे मनाचं दार बंद नाही. पालकाची संमती होती असं कोर्ट आधी गृहीत धरतं, आणि आपल्या नकळत झालं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती हे पालकाने दाखवलं तर तो जबाबदार नाही. चावी कुठे असायची, मुलाला आधी कधी गाडी दिली होती का, शेजारी काय सांगतात, हे सगळं तिथे येईल. बहिणीला आजच वकील गाठायला सांगा आणि चावीबद्दल खरं तेच सांगायला सांगा.

म्हणजे मन बघायचं की नाही, एवढाच प्रश्न नसतो. मनाबद्दल सिद्ध कोणी करायचं, हाही असतो. खुनात सरकारने करायचं. या स्कूटरच्या कलमात आरोपीने. जॉर्जच्या खटल्यात बहुमत म्हणालं, बंदी त्याला माहीत होती का, हे कोणीच बघायचं नाही.

रोखठोक
माझं अर्धवट होतं हे मान्य. पण मग जॉर्जला नेमकं कुठल्या कारणाने दोषी धरलं? "कारण दाखवावं लागतं" म्हणालात, ते कारण काय दाखवलं?

शाल्मली_०७
मलाही तेच विचारायचं होतं. आणि अवांतर: 1962 नोव्हेंबर म्हणजे चीनचं युद्ध ना?

तिन्हीसांजा
हो, 8 नोव्हेंबरला युद्ध चालूच होतं, 21 ला चीनने युद्धविराम जाहीर केला. आणि जानेवारी 1963 मध्ये मोरारजींचं सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही! माझ्या आईचं लग्न त्याच वर्षातलं. सोनार घरी येऊन रडला होता असं आजी सांगायची. त्या काळी परकीय चलनाची चणचण काय होती आणि बाहेरून सोनं किती चोरून यायचं, हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. देश त्या अवस्थेत असताना 34 किलो सोनं मुंबईच्या जमिनीवर उतरलं, तर सरकार दयामाया कशी दाखवणार?

जुनेवकील
तिन्हीसांजा यांनी वातावरण नेमकं सांगितलं, आणि बहुमताचं कारण त्याच्या जवळचंच आहे. न्यायमूर्ती अय्यंगार यांनी स्वतःसाठी आणि न्यायमूर्ती मुधोळकर यांच्यासाठी निकाल लिहिला. त्यांचा विचार असा, की कायदा सोन्याची चोरटी आयात रोखून देशाचं चलन वाचवण्यासाठी आहे. कलमाची भाषा सरळ आहे: परवानगीशिवाय सोनं आणायचं नाही. "जाणूनबुजून" हा शब्द तिथे नाही. प्रत्येक वेळी आणणाऱ्याला बंदी माहीत होती हे सरकारने सिद्ध करायचं म्हटलं, तर कायद्याचा हेतूच बुडेल.

न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं. ते म्हणाले, कायदा लोककल्याणाचा आहे किंवा मोठं सामाजिक दुखणं दूर करण्यासाठी आहे, एवढ्यावरून मनाचा दोष वगळता येत नाही. कायद्याने तो स्पष्ट शब्दांत वगळलेला हवा, किंवा वगळल्याशिवाय कायदा चालूच शकणार नाही अशी स्थिती हवी. मला स्वतःला, सरकारी बाजूने इतकी वर्षं उभा राहूनही, सुब्बा राव यांचं मत अधिक पटतं. बहुमताच्या मागे लागून शिक्षा मिळवल्या आहेत, पण मनातून पटलं नव्हतं.

आणि बहुमतालाही शिक्षेचं ओझं जाणवलं असावं. मॅजिस्ट्रेटने एक वर्ष दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने दोषी धरलं, पण शिक्षा भोगून झाली तेवढ्यावर आणली.

इंद्रायणीकाठ
म्हणजे दोषी, पण पुरे झालं, घरी जा. हे ऐकल्यावर मला तर अजूनच वाटतंय की कोर्टाला आतून शंका होती.

आता एक विचारते. समजा कोणी त्याच्या नकळत सोन्याचं पुडकं त्याच्या खिशात सरकवलं असतं. तरीही दोषी?

रोखठोक
मन बघायचंच नाही म्हटल्यावर दोषीच की.

जुनेवकील
नाही, आणि या निकालातलं माझ्या मते सगळ्यात मोलाचं वाक्य इथेच आहे. ताईंनी विचारलेलं हेच उदाहरण बहुमताने स्वतः दिलंय. खिशात नकळत पुडकं सरकवलं असेल तर त्याने सोनं "आणलं" असं म्हणताच येणार नाही, हे म्हणणं मान्य होण्यासारखं आहे, असं ते म्हणतात. कारण "आणणं" या क्रियेतच आणणाऱ्याची जाणीव आहे. दुसरं उदाहरणही आहे: भारतात थांबाच नसलेलं विमान संकटामुळे इथे उतरवावं लागलं, तर तिथेही तोच विचार.

म्हणजे कडक जबाबदारीच्या गुन्ह्यातही मन पूर्णपणे हद्दपार होत नाही. आपण सोनं घेऊन भारतात थांबणाऱ्या विमानात बसलोय, हे जॉर्जला माहीत होतं. माहीत नव्हती ती फक्त बंदी. कृती स्वेच्छेची होती, म्हणून ॲक्टस रीयस पूर्ण. मनाचा जो तुकडा गाळला तो बंदीच्या माहितीपुरता. सरकारी वकील असताना मीही हे विसरायचो आणि "मन लागत नाही" एवढं म्हणून मोकळा व्हायचो. एकदा समोरच्या तरुण वकिलाने हाच परिच्छेद वाचून दाखवला आणि माझी बोलती बंद झाली.

भुसारमाल
मग वडिलांचं काय? त्यांनी हळद विकली हे खरं, पण रंगवलेली हळद विकतोय हे कुठे माहीत होतं? तेही नकळत पुडक्यासारखंच झालं ना?

जुनेवकील
भुसारमाल, इथे मी अडतो. उत्तर असं दिलं जातं की "विकणं" ही कृती त्यांनी जाणून केली आणि रंग हा मालाचा गुण. पण खिशातलं पुडकं आणि पोत्यातला रंग यांत रेष नेमकी कुठे ओढायची, याचं मला पूर्ण पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

तुमच्या व्यवसायाच्या जवळचा आणखी एक निकाल सांगतो. मध्य प्रदेशातल्या धारचा धान्यव्यापारी, नथुलाल. विनापरवाना 885 मण गहू, म्हणजे सुमारे 33 टन, साठवल्याचा आरोप. त्याने परवान्याचा अर्ज केला होता, फी भरली होती, साठ्याची विवरणपत्रं नेमाने पाठवत होता. निरीक्षकाने परवाना येईल असा भरवसा दिला होता आणि अर्ज नाकारल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं. मार्च 1965 मध्ये, म्हणजे जॉर्जच्या निकालानंतर सात महिन्यांनी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. म्हणाले, हेतुपुरस्सर उल्लंघन नाही, म्हणून गुन्हा नाही. या खंडपीठावर सुब्बा राव होते.

रोखठोक
मग संसद गप्प बसली?

जुनेवकील
छे. 1967 मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्यात शब्द घातले: जाणूनबुजून, हेतुपुरस्सर किंवा अन्यथा. त्या "अन्यथा" ने नथुलालची वाट बुजवली. पण 1974 मध्ये ते शब्द काढले आणि स्कूटरच्या कलमासारखी सोय आली: मनात दोष होता असं गृहीत, नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं.

तिन्हीसांजा
तरी मला वाटतं जॉर्ज आणि नथुलाल यांत फरक आहे. नथुलाल सरकारच्या दारात जाऊन उभा होता. जॉर्जने विचारलं कोणाला? एवढं सोनं घेऊन निघणाऱ्याने वाटेतल्या देशाचा नियम विचारायला नको?

इंद्रायणीकाठ
@तिन्हीसांजा, विचारलं असतं तरी 27 तारखेला झुरिकमध्ये कोणाला माहीत असणार? दिल्लीत छापलेलं राजपत्र तीन दिवसांत तिथे पोचलं असेल?

जुनेवकील
ताई, हाच युक्तिवाद झाला होता. सिंगापूरचा लिम चिन आइक याचा खटला पुढे केला. त्याच्या एकट्याच्या नावाने प्रवेशबंदीचा आदेश निघाला होता, पण तो कुठे प्रसिद्ध झाल्याचा पुरावाच नव्हता. लंडनमधलं अपिलाचं कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने त्याला सोडलं, कारण अशा आदेशाचा शोध माणूस घेणार तरी कसा? आपल्या बहुमताने म्हटलं, तिथे आदेश दडलेला होता, इथे राजपत्रात उघड आहे. भारतात प्रसिद्ध झाला की पुरे, परदेशी माणसाच्या देशात पोचायची गरज नाही.

गोदाकाठचा
तिन्हीसांजा यांच्याशी सहमत. आणि जाकिटाचं माझं म्हणणं अजून मागे घेतलेलं नाही.

इंद्रायणीकाठ
मुलीला रात्री हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, नकळत पुडक्याचं उदाहरण वर्गात कोणी सांगितलंच नव्हतं. आता ती मूट कोर्टला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यात, जॉर्जची बाजू घेणार आहे. वकीलकाका, तिचा एक प्रश्न: मुंबईचा थांबा वेळापत्रकातच नसता, केवळ धुक्यामुळे विमान इथे उतरवलं असतं, तर जॉर्ज सुटला असता का?

जुनेवकील
बहुमताच्याच शब्दांवर बोट ठेवून मी तसा युक्तिवाद नक्की केला असता. तिला सांगा, आधी सुब्बा राव यांच्याकडे जाऊ नको. सुरुवात अय्यंगारांच्याच परिच्छेदापासून कर.

भुसारमाल
आणि पोत्यातल्या रंगाचं तिला काही सुचलं, तर इथे नक्की लिहा.